त्याच्या वाढदिवसाला मेसेज करू का?

"मॅडम, आमचं तुटून वर्ष होत आलं. भांडण नव्हतं, त्याच्या घरचे तयार नव्हते म्हणून थांबलो. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्याचा वाढदिवस असतो. विश करू की नको? आणि करायचं तर नेमकं काय लिहू, म्हणजे त्याला वेगळं काही वाटणार नाही?"

तिला श्रावणी म्हणूया. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदललेत, आणि हे लिहायला तिची परवानगी आहे. तो नोकरीसाठी पुण्याला गेलेला. त्याला इथे रोहन म्हणते.

ती माझ्याकडे समुपदेशनाला आली तेव्हा डिसेंबर चालू होता, म्हणजे हाताशी वेळ होता. ही फार मोठी सोय असते. बहुतेक जण आदल्या रात्री विचारतात, आणि रात्री अकरा वाजता मनाला एकच उत्तर हवं असतं.

मी आधी शेवटच्या बोलण्याबद्दल विचारलं. पहिला प्रश्न तोच असायला हवा, कारण समोरच्या माणसाने संपर्काबद्दल काय सांगून ठेवलंय, यावर अर्धा निर्णय होऊन जातो. रोहनचा शेवटचा मेसेज होता, "काळजी घे." ब्लॉक केलेलं नव्हतं, "मेसेज करू नकोस" असंही तो म्हणाला नव्हता. नात्यात मारहाण, धमक्या, संशय असलं काही नव्हतं. म्हणजे दार बंद असल्याची खूण नव्हती.

हे सगळ्यांच्या बाबतीत नसतं. त्याच सुमारास एक तरुण हाच प्रश्न घेऊन आला होता. मुलीने त्याला स्पष्ट लिहिलं होतं की यापुढे मला मेसेज करू नकोस. त्याचं म्हणणं, "वाढदिवसाचं काय, तेवढं तर चालतं." मी त्याला सरळ नाही म्हटलं. नकार वाढदिवसालाही नकारच असतो. नंबर बदलून, दुसऱ्या अकाउंटवरून किंवा मैत्रिणीकरवी पोचवलेली शुभेच्छा तर तिला घाबरवणारीच ठरते. आणि एखादी स्त्री स्पष्टपणे नको म्हणत असताना पुरुषाने पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. त्याच्याशी मजकुरावर चर्चा केलीच नाही. तो दिवस कसा काढायचा, एवढंच आम्ही बोललो.

श्रावणीला मी पुढचं विचारलं, "मेसेज गेला असं समज. संध्याकाळपर्यंत काय व्हावंसं वाटतं?"

"काही नाही मॅडम. फक्त विश. माणुसकी म्हणून."

असं जवळपास प्रत्येक जण म्हणतं, आणि ते खोटं नसतं. फक्त त्याखाली आणखी काही असतं. म्हणून मी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि हळूहळू चित्र उभं केलं. पंधरा तारीख आहे. सकाळी तू मेसेज केलास. दुपारी दोन निळ्या टिका दिसल्या, म्हणजे त्याने वाचलं. चार वाजले. सात वाजले. तो ऑनलाइन येऊन गेला. उत्तर नाही. आता तू काय करतेयस?

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मी झोपणार नाही."

मग दुसरं चित्र. उत्तर आलं, नुसतं "थँक्स". ती म्हणाली, "एवढंच? तीन वर्षांच्या नात्यानंतर एवढंच?" तिसरं चित्र, मोठं प्रेमळ उत्तर आलं, खाली "तुझी आठवण येते". तिचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. म्हणाली, "मग परत सगळं सुरू. आणि घरचे तर तेच आहेत."

तिन्ही उत्तरं तिला त्रासच देणार होती. पाठवावं की नाही, हे मी याच कसोटीवर ठरवते. शुभेच्छा ही द्यायची गोष्ट. देऊन झाल्यावर काहीच परत आलं नाही तरी रात्रीचं जेवण नेहमीसारखं जाणार असेल, तर ती पाठवायला हरकत नाही. उत्तरावर झोप अवलंबून असेल, तर आपण विश करत नसतो, काहीतरी विचारत असतो. तो प्रश्न खरा असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण तो वाढदिवसाच्या आडून विचारला की आपली आणि त्याची दोघांची पंचाईत होते.

मजकूर तिने आधीच लिहून ठेवला होता. मोबाइलमधून मला वाचून दाखवला. त्यातला गड्डा म्हणजे संक्रांतीला भरणारी सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा.

"हॅपी बर्थडे राजा! कसा आहेस? किती दिवस झाले बोलणं नाही. गड्ड्याला आलायस का यंदा? होम मैदानावर पाळणे लागलेत, बघितलं की अजून तुझीच आठवण येते. खूप खूप खूश राहा."

आम्ही तो कागदावर उतरवला आणि एकेक वाक्याला विचारलं, हे वाचून रोहनला काय करावं लागेल? "कसा आहेस" आणि "आलायस का" या दोन प्रश्नांना उत्तर द्यावं लागेल, नाही दिलं तर तो उद्धट ठरेल. "किती दिवस झाले बोलणं नाही" ही हळू आवाजातली तक्रार आहे, त्यावर त्याला सफाई द्यावी लागेल. "राजा" या एका हाकेने तो वर्षभर मागे जाईल. आणि पाळण्याचं वाक्य तर त्याच्या वाढदिवसाबद्दल नाहीच, ते श्रावणीच्या दुःखाबद्दल आहे. खोडत खोडत गेलो तेव्हा "हॅपी बर्थडे" आणि "खूश राहा" एवढंच उरलं. श्रावणी कागदाकडे बघत म्हणाली, "म्हणजे बाकी सगळं माझंच होतं."

ते बाकीचं सगळं खरंच होतं, त्याला जागा द्यायला हवी होती. ते तिने घरी वहीत सविस्तर लिहिलं, न पाठवण्यासाठी. राग, गड्ड्यावरच्या संध्याकाळी, त्याच्या आईवरचा राग, सगळं. मोबाइलवर लिहू नकोस, असं मी मुद्दाम सांगितलं होतं, कारण तिथे पाठवायचं बटण बोटाखालीच असतं. आणि चुकून पाठवून "सगळ्यांसाठी डिलीट" केलं, तरी मेसेज डिलीट केल्याची खूण समोर राहते. ती खूण कुठल्याही मजकुरापेक्षा जास्त बोलते.

त्या वर्षी तिने पाठवायचं नाही असं ठरवलं. मग तिने एक पळवाट काढली, आणि ती बऱ्याच जणांना सुचते. "मॅडम, चौदाला तिळगुळाचा फॉरवर्ड सगळ्यांना जातोच. त्याला पण गेला तर?" मी म्हटलं, जो मेसेज सगळ्यांना गेल्याचं दाखवून एकासाठी पाठवला जातो, त्याची वाट तू जास्तच बघशील. तो वाचल्यावर त्याने काय समजायचं, हेही त्याला कळणार नाही. तिने त्याचं नाव त्या यादीतून काढलं.

दिवस कसा काढायचा, हे आधीच ठरवलं होतं. चौदाला ती यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला आईबरोबर गेली. पंधराला कारखान्यात सुट्टी न घेता कामावर गेली, आणि रात्री फोन बहिणीकडे दिला. तरी दोनदा तिने बहिणीकडून फोन मागून त्याचा डीपी बघितला. ते होणारच होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वर्तनाचा अभ्यास करणारे बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगात दाखवलं होतं की प्रत्येक वेळी बक्षीस मिळणाऱ्या प्राण्यापेक्षा अधूनमधून मिळणारा प्राणी, बक्षीस बंद झाल्यावरही जास्त काळ प्रयत्न करत राहतो. तुटलेल्या नात्यात वर्षातून दोनदा आलेला गोड मेसेज हेच काम करतो. संक्रांतीला एक, दिवाळीला एक, आणि मधले सगळे महिने माणूस फोनकडे बघत राहतो. पूर्ण शांततेतून माणूस लवकर बाहेर येतो.

पुढच्या डिसेंबरमध्ये श्रावणी स्वतःहून आली. मी तीच तीन चित्रं पुन्हा दाखवली. उत्तर नाही आलं तर? "नाही आलं तर नाही. त्या दिवशी जीएसटीचं काम आहे, मला सवड पण नाही." नुसतं थँक्स आलं तर? "बरं वाटेल." त्याने भेटायला बोलावलं तर? थोडा विचार करून म्हणाली, "त्याच दिवशी हो म्हणणार नाही." आवाजात ताण नव्हता. त्याचं लग्न ठरल्याचंही कानावर आलेलं नव्हतं. लग्न ठरलं असतं तर मी पुन्हा विचार करायला लावलं असतं, कारण तेव्हा तो मेसेज आणखी एक व्यक्ती वाचते, आणि तिला संदर्भ ठाऊक नसतो.

मग मजकूर ठरवला. "रोहन, वाढदिवसाच्या शुभेच्छा. हे वर्ष तुला चांगलं जावो."

नाव, जे सगळे घेतात तेच. प्रश्नचिन्ह कुठेही नाही. आठवण नाही, बदाम नाही, फोटो नाही, व्हॉइस मेसेज तर नाहीच, आवाजात सगळं कळतं. तिला शेवटी "उत्तर दिलं नाहीस तरी चालेल" असं लिहायचं होतं. ते मी काढायला सांगितलं. ऐकायला समजूतदार वाटतं, पण त्या वाक्यामुळेच उत्तराचा विषय निघतो. वेळ सकाळी अकराची ठरली. रात्री बाराचा मेसेज जवळच्या माणसाचा असतो, ती जागा आता तिची नव्हती. स्टेटस नाही, कॉमन मैत्रिणींच्या ग्रुपवर नाही, फक्त त्याला.

आणि उत्तरानंतरचंही ठरवलं, कारण बरेच जण तिथे घसरतात. "थँक्स" आलं तर तिथेच थांबायचं, त्यावर "कसा आहेस" लिहायचं नाही. "तू कशी आहेस" असं आलं, तर एक खरं वाक्य लिहायचं, "मी बरी आहे, दिवस छान जावो," आणि पुढे नवा प्रश्न टाकायचा नाही. भेटीचं निघालं तर दोन दिवस जाऊ द्यायचे.

रोहनचं उत्तर रात्री आलं. "थँक्स श्रावणी. तू कशी आहेस?" तिने ते दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि ठरल्याप्रमाणे एका ओळीत उत्तर दिलं. त्याने अंगठा टाकला. तिथे संपलं.

मार्चमध्ये ती वेगळ्याच कामासाठी आली होती, नोकरी बदलावी का हे विचारायला. जाता जाता म्हणाली, पुढच्या जानेवारीत विश करायचंच असं काही ठरवलेलं नाही, तेव्हा बघेन. मला ते उत्तर आवडलं. दर वर्षीचा रिवाज झाला की तोही पुन्हा वाट बघायला लावतो.