‘शक्य ती सवलत’ नको, नेमकं मागा

प्रश्न: माझी मुलगी नाशिकला नववीत, सेमी इंग्रजीत आहे. दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावते. सहामाहीसाठी मुख्याध्यापकांना पत्र लिहिलंय. शेवटी ‘मुलीला शक्य ती सवलत द्यावी’ असं म्हटलंय. एवढं पुरेल का? दहावीला त्याचा उपयोग होईल का?
– एक आई, सिडको

ताई, नाही पुरणार. असं पत्र वाचून सर वर्गशिक्षकांना ‘जरा लक्ष द्या’ म्हणतील आणि विषय तिथेच संपेल. शिवाय यंत्र आहे म्हणजे ऐकू येतं, असा शाळेत सर्रास समज असतो. यंत्र आवाज मोठा करतं, पण पंख्याचा आणि व्हरांड्यातला गलबलाही मोठा करतं. म्हणून ऑडिओग्रामसोबत यंत्र लावून केलेल्या तपासणीचा अहवालही जोडा.

मग परीक्षेत नक्की कुठे अडतं ते लिहा. पर्यवेक्षक फळ्याकडे तोंड करून ‘प्रश्न तीनमध्ये दुरुस्ती आहे’ म्हणतात आणि तिला ते कळतच नाही. तेव्हा मागणी अशी करा: ‘तोंडी सूचना, दुरुस्त्या आणि उरलेली वेळ फळ्यावर किंवा चिठ्ठीवर लिहून द्यावी, तिला पहिल्या बाकावर बसवावं.’ भाषेच्या तोंडी परीक्षेसाठी शांत खोली आणि समोर बसून बोलणारे शिक्षक मागा. श्रवणयंत्र व जादा बॅटरी जवळ ठेवायची लेखी परवानगी घ्याच, नाहीतर एखादे पर्यवेक्षक ब्लूटूथचं यंत्र समजून काढायला लावतील.

जादा वेळेवर हमखास विचारतील, ‘हात तर ठीक आहे, मग वेळ कशाला?’ लहानपणापासून कमी ऐकू आलं की शब्दसंग्रह मागे राहतो, लांबलचक प्रश्न दोनदा-तीनदा वाचावा लागतो. घटक चाचणीचे पेपर काढून बघा. आकडेमोड बरोबर आणि शाब्दिक उदाहरणं सुटलेली, असं दिसलं तर त्या पानांची झेरॉक्स जोडा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १७ मध्ये जादा वेळेचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, तो पत्रात घाला. तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, असं मोजून मागा. भाषेची सूट मात्र घाईने घेऊ नका. पुढे कोणत्या शाखेत जायचंय, ते आधी तिच्याशी बोला.

नववीचा निर्णय शाळेच्या हातात असतो. दहावीला मात्र शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जातो आणि तिथे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर swavlambancard.gov.in वर आत्ताच अर्ज करा. तपासणीची तारीख मिळायला वेळ लागू शकतो, तोवर अर्जाची पोच पत्राला जोडा.

पत्राच्या दोन प्रती न्या आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. उत्तरही लेखीच मागा. नववीत मिळालेल्या सवलतीचा तो कागद दहावीच्या प्रस्तावाला जोडता येईल.