नाकाचं शेडिंग: रेषा कुठे ओढायची

अगं, नाक बारीक दिसावं म्हणून तू केलेल्या शेडिंगचा फोटो पाहिला. गडबड रंगात नाही, नाकाच्या दोन बाजूंच्या गडद रेषांमधल्या अंतरात आहे. तू त्या नाकपुड्यांच्या कडेवर ओढल्यास, म्हणून नाक आहे तेवढंच रुंद राहिलं. मधला उजळ पट्टा जेवढा, तेवढंच नाक डोळ्याला दिसतं. भुवईच्या आतल्या टोकापासून खाली ये आणि दोन रेषांत पेन्सिलीच्या जाडीएवढंच अंतर ठेव.

रंग त्वचेपेक्षा एक-दोन शेड गडद, पण राखाडीकडे झुकणारा घे. सावली तशीच असते. तांबूस ब्राँझरने नाक उन्हात रापल्यासारखं दिसतं.

गेल्या महिन्यात ठाण्यात एका नवरीच्या नाकाचा शेंडा तुझ्यासारखाच गोल होता. रेषा शेंड्याच्या दोन्ही बाजूंनी वळवून खाली इंग्रजी यू अक्षरासारख्या जोडल्या, शेंड्यावर हायलायटरचा बारीक ठिपका दिला आणि बाहेरची कड तेवढी ब्रशने विरवली. आतली कड पुसलीस तर सगळं पसरतं. हायलायटर चमचमता नको, त्याने गोलाई आणखी उठते.

समोरून नाक छान निमुळतं दिसलं. बाजूने काढलेल्या फोटोत मात्र गोल ते गोलच, कारण रंगाने आकार बदलत नाही. हे तिला आधीच सांगितलं होतं, तूही जिचा मेकअप करशील तिला सांगत जा. आपल्याकडच्या दमटपणात नाकाला आधी घाम येतो, म्हणून क्रीमने ओढलेल्या रेषांवर त्याच रंगाची पावडर दाब. शेवटी खिडकीजवळ उभं करून बघ. पट्टे वेगळे दिसले तर रंग जास्त झालाय.