मान अवघडलीय की नस दबलीय, मुंग्या कुठल्या बोटात येतात ते बघा

प्रश्न: दिवसभर लॅपटॉप, रात्री मोबाईल. दोन महिने मान आणि उजवा खांदा दुखतोय, आता अधूनमधून हातात मुंग्या पण येतात. नस दबली असेल का? सरळ एमआरआय करून टाकू का?

उत्तर:

'हातात' म्हणजे नेमकं कुठे ते आधी बघा, एमआरआयचं नंतर. मुंग्या आल्या की तेव्हाच कुठलं बोट ते मोबाईलमध्ये टाईप करून ठेवा, कारण नंतर कोणी विचारलं की सगळे 'पूर्ण हातच' म्हणतात, मी पण डॉक्टरांना तेच सांगितलं होतं.

नुसते स्नायू आखडले असतील तर दुखणं मान, खांद्याचा वरचा भाग, फार तर पाठीवरच्या पात्याच्या आतल्या कडेपर्यंत असतं, संध्याकाळी वाढतं, उठून चार पावलं फिरलं की थोडं सुटतं, आणि दाबलं की 'हां, इथेच' असा एक गोळा सापडतो. ते सहसा कोपराच्या खाली उतरत नाही. मानेतली नस दबली तर कळ दंडातून खाली जाते आणि एखाद्या ठराविक बोटाकडे जाते. ढोबळमानाने अंगठा आणि तर्जनी असेल तर सहावी नस, मधलं बोट असेल तर सातवी, करंगळी असेल तर आठवी. थोडं इकडेतिकडे होतं पण अंदाज येतो.

पण करंगळीवाल्यांनी लगेच मानेला दोष देऊ नका. आडवं पडून कोपर दुमडून तासभर मोबाईल धरला की कोपराच्या आतल्या बाजूची नस ताणली जाते आणि करंगळी नि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर होतं. तसंच रात्री अंगठा-तर्जनी-मधलं बोट बधिर होऊन जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, तर ती बहुतेक मनगटातली नस. मानेचा एमआरआय कितीही चांगल्या मशीनवर काढलात तरी यातलं काहीच दिसणार नाही.

माझं सांगतो. उजव्या पात्याच्या आत ठणका सुरू झाला, मला वाटलं उशी बदलल्यामुळे झालं असेल, आठ दिवस बाम चोळला. मग एकदा वरच्या कप्प्यातली फाईल काढायला मान वर केली आणि मधल्या बोटापर्यंत करंट गेला. झोप फक्त उजवा हात डोक्यावर ठेवून लागायची, घरचे हसायचे. हे लक्षात ठेवा, हात डोक्यावर ठेवल्यावर कळ कमी होणं ही मानेतल्या नसेची खूण आहे कारण त्याने नसेवरचा ताण कमी होतो. डॉक्टरांनी माझा कोपर वाकवला आणि 'आता मला ढकला' म्हणाले. डाव्या हाताने ढकललं, उजवा मात्र मधेच ढिला पडला, आणि मला स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता! कोपराच्या मागे हातोडी मारली तर तिकडचा झटका पण कमी. म्हणजे सातवी नस. मग मान दुखऱ्या बाजूला मागे वळवून वरून हलकेच दाबलं, तोच करंट परत. (हे घरी एकमेकांवर करून बघू नका प्लीज.)

ताकद थोडीच कमी होती म्हणून लगेच एमआरआय नाही, दोन आठवड्यांनी परत ताकद तपासायची असं ठरलं. तेव्हा ती वाढलेली होती, मग औषधं आणि फिजिओवरच भागलं. अडीच महिन्यांत कळ गेली, बोटाचं टोक मात्र बरेच दिवस थोडं सुन्न होतं. बहुतेकांचं असं काही आठवडे-महिन्यांत ऑपरेशनशिवाय निवळतं. एमआरआय घाईने न करण्याचं दुसरं कारण म्हणजे काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या रिपोर्टमध्येसुद्धा 'डिस्क बल्ज' लिहिलेलं येतं. तो बल्ज तुमच्या बोटाशी जुळला तरच अर्थ, नाहीतर उगाच टेन्शन.

थांबायचं नाही कधी? ताकद कमी होत चाललीय, शर्टाची बटणं लावताना दोन्ही हात अडखळतायत, चालताना तोल जातोय, लघवीवर ताबा राहत नाहीये, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, हे मज्जारज्जूवर दाब असल्याचं असू शकतं. आणि खांदा-हात दुखताना छातीत दडपण, घाम असेल तर मान विसरा, इमर्जन्सीत जा.

तोपर्यंत मालिशवाल्याकडे मान कडकन मोडून घेऊ नका. लॅपटॉपची गोची अशी की स्क्रीन डोळ्यासमोर आणली तर कीबोर्ड हवेत जातो, त्यामुळे खाली जाड पुस्तकं आणि वेगळा कीबोर्ड, बाकी महागड्या खुर्चीने मला तरी काही फरक पडला नाही. अर्ध्या तासाने उठायचं याने पडला.

तुमच्या मुंग्या जरी कधीकधीच येत असल्या तरी एकदा ताकद आणि हातोडीची तपासणी करून घ्या, आणि कुठलं बोट ते इथे लिहा.