आधी हिशेब लिही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझ्या कथेचे दोन्ही खर्डे वाचले. एकात सदाशिव पेठेतली घरमालकीण आजी कजाग आहे. गिझर बंद करते, रात्री दहानंतर फोनवर बोलू देत नाही. दुसऱ्यात तीच आजी पहिल्याच रविवारी गरम पिठलं-भाकरी वाढते, करार कशाला म्हणते आणि शेवटी दवाखान्यात जाते. परभणीहून नोकरीसाठी आलेली मुलगी तिच्या उशाशी बसून रडते. खाली तू विचारलं आहेस, "यातली खरी आजी कोणती? मला स्वतःलाच कळेनासं झालंय."

दोन्ही खोट्या आहेत, कारण अख्ख्या महिन्यात तुझ्या कथेत एक रुपयाही इकडून तिकडे जात नाही. भाडं किती, अनामत किती, विजेचे पैसे कोण भरतं, काही नाही. या दोघींना एका छपराखाली आणलं ते पैशाने. तोच तू काढून टाकलास आणि आता प्रेम की राग यात चाचपडते आहेस. आधी हिशेब लिही, मग माया लिही. मला एवढंच सांगायचं आहे, पण ते एकदा सांगून भागत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

करारापासून सुरुवात करू. तुझी आजी म्हणते, "करार कशाला, घरच्यासारखी राहा." पेठेतल्या वाड्याची पंचाहत्तरी ओलांडलेली मालकीण हे वाक्य कधीच बोलणार नाही. तिचं आयुष्य कशात गेलं ते बघ. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचं जे भाडं होतं तेच बहुतेक ठिकाणी प्रमाण भाडं धरलं गेलं. कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढी घेत पन्नास वर्षं राहिला. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यातही जुन्या भाडेकरूंना संरक्षण राहिलं आणि मालकाला वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. म्हणजे शंभर रुपये भाडं असेल तर पुढच्या वर्षी एकशे चार. तुझ्या कथेत तळमजल्यावर स्टेशनरीचं जुनं दुकान आहे. छान आहे, पण ते तू नुसतं शोभेला ठेवलं आहेस. त्या दुकानाच्या भाड्यात जिन्याची एक फळीसुद्धा बदलून होत नसणार. म्हणून तर आजी माडीवरची खोली मुलीला देते. तिला सोबत हवी म्हणून देते असं तू लिहिलंस. सोबत हवी असेलही. पण आधी तिला पैसे हवेत, आणि एकदा माणूस घरात आला की निघत नाही ही भीती तिच्या हाडात मुरलेली आहे.

म्हणून ती अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करील, नोंदणी करील, मुलीच्या आधार कार्डाची प्रत घेईल, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देईल. नव्या कायद्यात असं आहे की नोंदवलेला लेखी करार नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. ही गोष्ट आजीला कलमाच्या आकड्यासकट पाठ असेल. आणि परभणीच्या मुलीला, जिच्या गावात शब्दावर खोल्या मिळतात, हे सगळं अपमानासारखं वाटेल. अंगठ्याचे ठसे, फोटो, दोन साक्षीदार. पहिल्या दिवशीचा हा अपमान तू लिहायलाच हवा होतास. तुला तो नक्की वाटला असणार. मग वगळलास कशाला? कथेत शोभत नाही म्हणून? माझ्याही कथांत शोभत नाही म्हणत आले सगळे.

एका संपादकांनी माझ्या कथेतलं खानावळीच्या हिशेबाचं अख्खं पान कापलं होतं, मला न विचारता. कथा छापून आली आणि वाचकांची पत्रं आली की तुमची खानावळवाली किती प्रेमळ. ती प्रेमळ नव्हतीच. उधारी थकलेल्या मुलाला तिने तीन दिवस ताटावरून उठवलं होतं आणि चौथ्या दिवशी स्वतःहून बोलावलं होतं. त्या तीन दिवसांवाचून चौथ्याला काही अर्थ नाही. त्यानंतर मी आकड्याला कात्री लावू दिली नाही. त्यापायी काही दिवाळी अंकांचे दरवाजे कायमचे बंद झाले. ते अंक माझ्या आईला वाचायला आवडायचे, त्यात माझं नाव तिला पुन्हा दिसलं नाही, याची खंत आहे. पण हट्ट सोडला असता तर माझ्या सगळ्याच बायका प्रेमळ झाल्या असत्या. मला हट्टी म्हणणाऱ्यांनी एकदा त्या खानावळीत महिनाभर जेवून बघायला हवं होतं.

असो. आता गिझर. तुझ्या पहिल्या खर्ड्यात आजी सकाळी सव्वासातला गिझरचं बटण बंद करते आणि मुलगी मनात शिव्या देते. स्वभाव म्हणून तू ते लिहिलंस. स्वभाव लिहू नकोस, हिशेब लिही, स्वभाव आपसूक येतो. घरगुती विजेला पहिल्या शंभर युनिटांना एक दर आणि त्यापुढे दुसरा, गेली काही वर्षं जवळजवळ दुप्पट. सोयीसाठी सहा आणि साडेअकरा रुपये धर, स्थिर आकार आणि कर बाजूला ठेव. आजी एकटी असताना महिन्याला पंच्याऐंशी युनिटं जाळते, म्हणजे शंभराच्या आत. आता मुलगी आली. दोन किलोवॉटचा गिझर रोज अर्धा तास चालला की दिवसाला एक युनिट, महिन्याला तीस. पंखा, लॅपटॉप, दिवा मिळून आणखी वीस. बिल एकशे पस्तीस युनिटांवर गेलं. आजीला मुलीकडून किती घ्यायचे?

मुलगी म्हणेल पन्नास युनिटं, सहाने तीनशे रुपये. आजी म्हणेल चारशे नव्वद. मुलीला वाटेल म्हातारी लुबाडते आहे. मोबाइलवर दर शोधेल, सहाच्या आसपासचा आकडा दिसेल, आणि खात्रीच पटेल. पण आजी बरोबर आहे. मुलीच्या पन्नासांपैकी फक्त पंधरा युनिटं स्वस्त दरात बसली, त्याचे नव्वद. उरलेली पस्तीस वरच्या दरात गेली, त्याचे चारशे दोन आणि वर पन्नास पैसे. बेरीज चारशे ब्याण्णव रुपये पन्नास पैसे. आजीने वरचे अडीच रुपये सोडून दिले आहेत.

कळलं का तुला, तुझी कथा कुठे आहे ते? त्या अडीच रुपयांत आहे. ते सोडणारी बाई कजाग नाही, आणि चारशे नव्वद मागणारी बाई तुझ्या दुसऱ्या खर्ड्यातली देवीही नाही. मला या वयातही अशी जागा सापडली की झोप लागत नाही. तुझ्या हातात ती आयती होती आणि तू तिथे दवाखाना आणलास!

आता पिठलं-भाकरी. ती ठेव, पण गोड करू नकोस. पेठेतल्या बहुतेक मेस रविवारी दुपारी फीस्ट देतात आणि रात्री बंद असतात. नव्या मुलीला हे ठाऊक नसतं. ती आठ वाजता जाते, दार बंद दिसतं, बिस्किटाचा पुडा घेऊन परत येते. खोलीत स्वयंपाक करायचा नाही अशी अट करारातच आहे, म्हणजे तिला मॅगीसुद्धा करता येत नाही. ही अट घालणारीही आजीच. मग आजी हाक मारते आणि पिठलं-भाकरी वाढते. इथपर्यंत तुलाही सुचलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळचं तुला सुचलं नाही. मुलगी टेबलावर पन्नासाची नोट ठेवते, कारण या घरात सगळं हिशेबानेच चालतं हे तिला एव्हाना कळलेलं आहे. आजी नोट परत देते आणि म्हणते, "जेवणाचे घेत नाही मी. विजेचे घेते." हे वाक्य माझं नाही, पेठेतल्या कितीतरी म्हाताऱ्यांकडून वेगवेगळ्या शब्दांत ऐकलेलं आहे. खुशाल घे. पण आधीच्या पानावर करार आणि अटी नसतील तर ते वाक्य लाडिक वाटेल.

एक मर्यादाही सांगते, नाहीतर तू मला जमाखर्चाची वही पाठवशील. सगळे आकडे कागदावर आणायचे नाहीत. तुला ठाऊक हवेत सगळे. वाचकाला दिसावेत दोन किंवा तीन. भाडं एकदाच, करारावर सही करताना. विजेचे चारशे नव्वद. आणि ती पन्नासाची नोट. गुरुवारी पालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते आणि आजी आदल्या रात्री मुलीची बादलीसुद्धा भरून ठेवते, हेही घाल, पण तिथे आकडा नको. कुठे आकडा येतो आणि कुठे येत नाही, यावरूनच वाचक या दोघींचं नातं ओळखेल.

मुलगी आजीला काय हाक मारते तेही ठरव. पहिल्या पानावर "काकू" आणि तिसऱ्यावर अचानक "आजी" झालं आहे, मधे काही घडलेलं नाही. माझ्या मते महिनाभर तिने काकूच म्हणावं. एका महिन्यात कुणी कुणाची आजी होत नाही.

आता शेवट. आजीला मारू नकोस, आजारीही पाडू नकोस. मला या बाबतीत अजिबात धीर धरवत नाही. म्हातारं माणूस कथेत आलं की त्याला मरायलाच लावायचं, ही सवय तुम्हा तरुणांना कुठून लागते? ती अजून दहा वर्षं जगणार आहे, तिला अजून किती करार करायचे आहेत. विजेचं बिल येऊ दे. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यावरून आजीने आपली पंच्याऐंशी युनिटं वजा केली आहेत. ज्या दिवशी मुलगी आली त्या दिवशीचा मीटरचा आकडाही भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्या हातचा आहे. रागाने फणफणत मुलगी ते बिल खोलीत घेऊन जाते, भांडणाची तयारी म्हणून बेरीज मांडते, आणि तिला पंधरा आणि पस्तीस सापडतात. सकाळी ती पैसे घेऊन खाली उतरते. पाचशेची नोट देते की मोजून चारशे नव्वद, अडीच रुपयांचा विषय काढते की गप्प राहते, ते मी सांगणार नाही. तिथे कथा तुझी आहे, आणि तिथपर्यंतचा हिशेब नीट बसला असेल तर तुला कुणाला विचारावंही लागणार नाही.

नवा खर्डा पाठवण्यापूर्वी तुझ्या स्वतःच्या खोलीचं मागचं बिल समोर घेऊन बस आणि माझे धरलेले दर काढून खरे दर घाल. आजीचे आकडे चुकलेले मला चालणार नाहीत.

कळावे,
तुझी मावशी