आजीने टर्मिनबद्दल विचारलं

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. देवरुखच्या घराच्या पायरीवर तू उभी आहेस, आजी आतून कडी न काढताच विचारते, "टर्मिन घेतलास का गो?" आणि तू दचकून जागी होतेस. जर्मनीत, आखेनमध्ये, पहाटेचे सहा वाजलेले, बाहेर काळोख. तू लिहितेस, आजीला जर्मनचा एक शब्द येत नव्हता, मग माझ्या स्वप्नात ती असं कसं बोलली? मी तिची भाषा विसरायला लागले का?

आधी हे सांगतो की आजी जर्मन बोललीच नाही. तिचं वाक्य पुन्हा बघ. "घेतलास" मराठी, "का" मराठी, आणि शेवटचा तो "गो" तर थेट आपल्या ओटीवरचा. जर्मन आहे तो एकटा टर्मिन, अपॉइंटमेंटला इथे म्हणतात तो, आणि तोही आजीने पुल्लिंगी करून घेतला. "घेतलीस" नाही म्हणाली, "घेतलंस" नाही म्हणाली. इथली आपली सगळी माणसं असंच बोलतात. टर्मिन मिळाला, पण आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी, झालं. जर्मनमध्ये आनमेल्डुंग स्त्रीलिंगी आहे, पण आपण ते रजिस्ट्रेशनच्या रांगेत नेऊन नपुंसकलिंगी करून टाकलं, आणि कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही. शब्द परका असला तरी तो मराठीच्या घरात मराठीच्या रीतीने राहतो. कधी याच्या उलटही होतं: शब्द बहुतेक मराठी राहतात आणि वाक्याची बांधणी दुसरीकडची येते. "मी तुला मिस करते" हे तू जागेपणी फोनवर आईला म्हणतेस ना, त्याची काळजी कर हवी तर. आजीच्या वाक्याची नको.

मग टर्मिनच का? तू पत्राच्या दुसऱ्या पानावर, अगदी जाता जाता लिहिलंयस की व्हिसा वाढवायचा आहे आणि आउसलेंडरबेहोर्डेचा, परदेशी लोकांच्या कचेरीचा, टर्मिन दोन महिने मिळत नाही. रोज सकाळी उठून तू त्यांचं पान उघडतेस आणि रिकामी तारीख शोधतेस. म्हणजे सध्या तुझ्या आयुष्यात बंद दार आणि टर्मिन हे एकाच ठिकाणी ठेवलेले शब्द आहेत. स्वप्नाला दार दाखवायचं होतं, त्याने हाताशी होता तो शब्द उचलला. आजी गेली तेव्हा तुला जाता आलं नाही, हे तू लिहिलेलं नाहीस, पण मला माहीत आहे. त्या दाराशी तू उशिराच पोचलीस, आणि उशिरा पोचलेल्याला इथे काय विचारतात ते तुला पाठ आहे.

मी इथे श्टुटगार्टला आलो त्याला आता चाळीस वर्षं होत आली. पहिली पंधराएक वर्षं मला गुहागरचं घर स्वप्नात दिसायचं ते फक्त मागच्या दाराने. कधीच ओटीवरून नाही. न्हाणीघराच्या बाजूने यायचं, रहाटाचा कुरकुर आवाज ऐकायचा, चिऱ्याची पायरी चढायची, मग माजघर. मी याचे फार मोठे अर्थ लावत बसलो होतो. मग एकदा भावाला फोनवर सांगितलं तर तो हसला. म्हणाला, अरे शाळेतून येताना आपल्याला ओटीवरून घ्यायचेच नाहीत, पाय चिखलाने भरलेले असायचे, मागे जाऊन धू म्हणायचे. रहाटाचं म्हणशील तर त्या काळी माझं घर ट्रामच्या वळणावर होतं. सकाळची पहिली ट्राम वळताना रूळ जो आवाज करायचे, तोच. झोपेत कानावर आलेला आवाज स्वप्न जागं न होता आपल्या गोष्टीत बसवून घेतं. घर बदललं आणि रहाट गेला. मागचं दार मात्र राहिलं.

याच भावाने पुढे घर पाडून स्लॅबचं बांधलं. माझ्या स्वप्नात अजून कौलं आहेत.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आई म्हणते पहाटेचं स्वप्न खरं होतं, म्हणून तू घाबरलीस. पहाटेचं स्वप्न खरं होतं की नाही हे मला सांगता येणार नाही, पण ते लक्षात का राहतं ते सांगता येतं. झोप साधारण दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी एक टप्पा येतो, त्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. शिकागोला असेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी 1953 साली तो प्रथम नोंदवला. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक त्यात पडतात. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा काही मिनिटांचाच असतो, पहाटेकडे तो लांबत जातो, आणि बऱ्याचदा त्यातूनच आपण उठतो. म्हणून पहाटेचं स्वप्न हातात सापडतं, मध्यरात्रीचं निसटतं. आठवडाभर पाच-पाच तास झोपून तू रविवारी दहापर्यंत लोळतेस तेव्हा तर शरीर राहिलेला हिशेब वसूल करतं. तुझी घराची स्वप्नं बहुतेक रविवारची आहेत का, बघ. पत्रातली दोन तरी आहेत, मी कॅलेंडर काढून पाहिलं.

आणि एक गंमत सांगतो, म्हणजे प्रत्येक स्वप्नाला तू घरची ओढ म्हणणार नाहीस. सहा-सात वर्षांपूर्वी मला रोज रात्री घर दिसायला लागलं. इतकं लख्ख की सारवणाचा वास यायचा. मध्येच विहीर भरून वर यायची आणि मी ओरडत उठायचो. मला वाटलं, आता वय झालं, माती बोलावते आहे. बायकोला सांगून तिकिटं बघायलाही बसलो. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ब्लडप्रेशरची नवी गोळी कधी सुरू केली? बीटा ब्लॉकर जातीच्या काही गोळ्यांनी स्वप्नं भडक होतात म्हणे. गोळी बदलली, विहीर खाली गेली. डिप्रेशनवरच्या गोळ्यांनीही स्वप्नं बदलतात, आणि रात्री घेतलेली बिअर आधी स्वप्नं दाबते, मग पहाटे एकदम सोडते. तेव्हा आधी आदल्या दिवशी काय पोटात गेलं ते बघायचं, मग मनात शिरायचं. तेच भयानक स्वप्न पुन्हा पुन्हा पडून झोपायचीच भीती वाटायला लागली तर मात्र मला पत्र लिहीत बसू नकोस, सरळ डॉक्टर गाठ.

ओढीचा आजार ही कल्पना आपल्याच शेजारची आहे, हे तुला माहीत आहे का? इथून रेल्वेने काही तासांवर स्वित्झर्लंडमधलं बाझल आहे. तिथे 1688 साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने हाइमवेवर, म्हणजे घरच्या ओढीवर, प्रबंध लिहिला आणि त्या दुखण्यासाठी नॉस्टॅल्जिया हा शब्द घडवला, ग्रीकमधलं घरी परतणं आणि वेदना हे दोन शब्द जोडून. त्यातला एक रोगी बर्नहून बाझलला शिकायला आलेला मुलगा. ताप, धडधड, उदासी, इतकं की तो वाचत नाही असं ठरून त्याच्यासाठी प्रार्थनाही झाल्या. शेवटी घरी पाठवायचं ठरलं तर वाटेतच तो सुधारला. बर्न ते बाझल अंतर किती? शंभरेक किलोमीटर. पुण्याहून महाबळेश्वरला जातेस त्याहूनही थोडं कमीच. तेव्हा आखेनहून देवरुखसाठी डोळ्यांत पाणी आलं म्हणून लाजायचं काही कारण नाही.

तू विचारलंस की हे सगळं लिहून ठेवू का, आणि कसं. ठेव, पण एक सवय मोड. तू मला पाठवलेली स्वप्नं सगळी शुद्ध मराठीत आहेत. तो टर्मिन तेवढा चुकून राहिला, आणि नेमका त्यातूनच आपल्याला काहीतरी सापडलं. बाकीच्यांत काय काय धुऊन काढलंस कोण जाणे. जाग आली की कूस बदलू नकोस, फोन उचलू नकोस. आहे त्याच अंगावर मिनिटभर पडून राहा, हललं की निम्मं जातं. मग उशाच्या वहीत आधी फक्त बोललेलं लिही, जसं ऐकू आलं तसं, कुणाच्या तोंडी कुठला शब्द होता त्यासकट. जागा, माणसं, रंग नंतर लिहिले तरी चालतात, ते टिकतात. माझं तरी बोलणं सगळ्यांत आधी विरघळतं, आणि दुपारपर्यंत आपण त्याजागी आपलं वाक्य घालून मोकळे होतो. कधी असंही होईल की कुणी काहीतरी म्हणालं हे पक्कं आठवतं, पण कुठल्या भाषेत ते आठवत नाही. तेव्हा ओळ कोरी सोड, अंदाजाने भरू नकोस. माझ्या वहीत बाबा असे कोरे आहेत. माझ्या स्वप्नात ते पुष्कळ बोलतात, मला सगळं कळतं, आणि एक शब्द ऐकू येत नाही.

आईला स्वप्न सांगावं का? सांग. ती म्हणेल, आजीला काहीतरी हवंय, आणि गाईला घास देईल. देऊ दे. पण त्याआधी ती विचारेल, काय नेसली होती? त्याचं उत्तर तयार ठेव. त्यावर आई जे सांगेल, ते लुगडं कुणी घेतलं, कुठल्या लग्नातलं, ती कडी खरं तर आतून लागायचीच नाही, तेही त्याच पानावर समोर लिही. माझ्या वहीत उजव्या पानावर स्वप्न आणि डाव्या पानावर भावाच्या दुरुस्त्या आहेत. आता भाऊ नाही, तर उजवी पानं भरतात आणि डावी तशीच राहतात. तुला आई आहे, मामा आहेत, तोवर विचारून घे.

टर्मिनचं म्हणशील तर आमच्याकडे रद्द झालेल्या वेळा सकाळी लवकर, ऑफिस उघडण्याच्या सुमारास दिसायच्या. आखेनला वेगळं असेल, पण त्या वेळी बघून पाहा. आणि विनंती ईमेलनेही पाठव, म्हणजे मुदत संपण्याआधी मागितलं होतं याचा कागद हातात राहील.

एक मात्र तू लिहिलेलं नाहीस. आजीने विचारलं, आणि तू दचकून उठलीस, असं सरळ लिहून टाकलंस. मधे काहीच झालं नाही? मला वाटतं तू काहीतरी उत्तर दिलंस. आठवत असेल तर कळव, आणि कुठल्या भाषेत दिलंस तेही.

काकूने मेतकूट पार्सल केलं आहे. पोचलं की कळव.

तुझा,
काका