नसलेला शब्द तो वाचत होता

‘माझी मुलगी नववीत आहे. इंग्रजी गोष्टींची पुस्तकं भराभर वाचते, बोलतेही बरं. पण पेपरात ओळीतला चुकीचा किंवा गाळलेला शब्द शोधायला दिला की निम्म्या ओळी चुकतात. घरी चूक दाखवली की म्हणते, “अरे हो, हे तर मला येतं!” शाळेत म्हणतात निष्काळजी आहे. हा लक्ष नसण्याचा काही त्रास असेल का? तपासणी करून घ्यावी का?’

तपासणीचं शेवटी बोलू. आधी एका मुलाबद्दल सांगते. त्याचे वडील जवळपास याच शब्दांत बोलले होते आणि येताना तीन चाचण्यांचे पेपर घेऊन आले होते. तेव्हा अशा आठ ओळी असायच्या, ओळीला अर्धा गुण. मुलाला आठांपैकी तीन-चार जमायच्या. वडिलांना गुणांपेक्षा ‘येत असून चुकतो’ याचाच राग जास्त होता.

मी त्याला सहा ओळींचा एक उतारा दिला. प्रत्येक ओळीत एक शब्द गाळलेला होता. शोध असं काही सांगितलं नाही, फक्त मोठ्यानं वाच म्हटलं. माझ्या हातात तोच उतारा होता आणि त्याच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मी टिपत होते. पहिली ओळ छापलेली होती, ‘माय ग्रँडफादर यूज्ड वेक अप अर्ली’. त्यानं वाचलं, ‘यूज्ड टू वेक अप’. कागदावर ‘टू’ नव्हता. पुढे ‘ही वुड वॉक द रिव्हर’मध्येही त्यानं ‘टू’ घातला. ‘इट्स लेग बीन ब्रोकन’चं ‘हॅड बीन’ केलं, ‘स्टँड ऑन ओन’चं ‘ऑन इट्स ओन’. चारही वेळा न अडखळता. मग विचारलं, कुठे काही राहिलंय का? त्यानं पुन्हा नजर फिरवली आणि म्हणाला, “नाही मॅडम, बरोबर आहे.”

हा निष्काळजीपणा नाही. सराईत वाचणारा एकेक शब्द उचलत नाही. दोन-चार शब्दांवरून वाक्य कुठे चाललंय हे त्याला कळतं आणि ‘टू’, ‘हॅड’, ‘ऑफ’ असे बारके शब्द मन आपणच भरून टाकतं. गोष्ट वाचताना हे वरदान आहे, पण हा प्रश्न नेमक्या त्याच सवयीला पकडतो. आपण लिहिलेल्या पत्रातली चूक आपल्याला दिसत नाही आणि दुसऱ्याला लगेच दिसते, तसंच हे. म्हणून ‘नीट बघ’ असं दहा वेळा सांगून काही होत नाही. मूल नीटच बघत असतं.

उरलेल्या दोन ओळी मात्र मला जास्त महत्त्वाच्या वाटल्या. ‘टिल सन केम अप’ आणि ‘ही फाउंड स्मॉल डॉग’ या दोन्ही त्यानं छापल्याप्रमाणेच वाचल्या. ‘द’ घातला नाही, ‘अ’ही घातला नाही, आणि कानाला काही खटकलंही नाही. म्हणजे सहापैकी चार चुका डोळ्याच्या आणि दोन न येण्याच्या. मराठीत ‘सूर्य उगवेपर्यंत’ म्हणताना सूर्याआधी काही लागत नाही, त्यामुळे आपल्या मुलांना ही जागा रिकामी वाटतच नाही. पेपरात दोन्ही चुका सारख्याच दिसतात, पण त्यांवरचे उपाय वेगळे आहेत.

डोळ्याच्या चुकांसाठी आम्ही पेन्सिल वापरली. पेन्सिलचं टोक शब्दाखाली टेकवायचं आणि एका टेकवणीला एकच शब्द बोलायचा. तोंडात ‘टू’ आला आणि पेन्सिलखाली तो नसला की हात अडतो. तो अडला की गाळलेली जागा सापडली. घरी त्याची ताई समोर दुसरी प्रत घेऊन बसायची आणि त्यानं जास्तीचा शब्द वाचला की टेबलावर टिचकी मारायची. पहिल्या आठवड्यात टिचक्यांनी तो वैतागला होता. परीक्षेत मोठ्यानं वाचता येत नाही, म्हणून नंतर ओठ हलवून, मग मनात, पण पेन्सिल तशीच. पूर्वी दोन मिनिटांत उरकायचा तो उतारा आता पाच मिनिटं घ्यायला लागला. तेवढी घेऊ द्यावीत. (उलटीकडून वाचायला सांगणारेही भेटतात. स्पेलिंग तपासायला ते चालतं. इथे वाक्याचा धागाच तुटतो.)

‘अ’ आणि ‘द’साठी मात्र पेन्सिल कामाची नाही, कारण मनात शब्द आलाच नाही तर हात अडणार कशाला? तिथे एक प्रश्न ठरवला. मोजता येणारी एकच वस्तू, प्राणी किंवा माणूस वाक्यात आला की त्याच्या आधी काही आहे का? ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’, काहीतरी. ‘स्मॉल डॉग’च्या आधी काहीच नाही, म्हणजे संशय घ्यायचा. विशेषनामं या प्रश्नातून वगळायची. ‘ॲट होम’सारखे रूढ प्रयोग यात बसत नाहीत, ते वेगळे लक्षात ठेवावे लागतात.

चुकीचा शब्द शोधण्याच्या प्रश्नात त्याचं दुखणं उलट होतं. प्रत्येक ओळीत चूक आहे हे माहीत असल्यामुळे तो बरोबर असलेलाच एखादा शब्द धरायचा. ‘लास्ट वीक माय कझिन बाय अ सायकल’ या ओळीत त्यानं ‘लास्ट’चं ‘एव्हरी’ केलं. विचार वाईट नव्हता, पण मग ‘बाय’चं ‘बाइज’ करावं लागतं, म्हणजे दुरुस्तीनंतरही ओळ चुकीचीच. एकच शब्द बदलायचा आणि बाकी वाक्य जागच्या जागी बसायला हवं. इथे ‘बाय’चं ‘बॉट’. म्हणून पहिली नजर क्रियापदावर टाकायची.

आणि ओळ म्हणजे वाक्य नव्हे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एका उताऱ्यात ओळ होती ‘हॅव बीन केप्ट अंडर द बेड’. नुसती वाचली तर खोट दिसत नाही. आधीची ओळ होती ‘द बॉक्स ऑफ ओल्ड टॉइज विच माय सिस्टर पॅक्ड’. ठेवला आहे तो बॉक्स, एकच. तेव्हा ‘हॅज’ हवं. ‘टॉइज’ जवळ असल्यामुळे ‘हॅव’ कानाला गोड लागतं. त्यामुळे पहिलं वाचन ओळींकडे न बघता पूर्णविरामापर्यंत करायचं आणि दुसरं ओळीनं.

काही गुण तर नुसते लिहिण्यात जात होते. गाळलेल्या शब्दाच्या प्रश्नात आधीचा शब्द, गाळलेला आणि नंतरचा असे तिन्ही लिहायला सांगितलेले असायचे. हा नुसता मधला लिहून मोकळा.

आता तपासणीचं. तुमच्या मुलीला असाच एक उतारा मोठ्यानं वाचायला द्या आणि शांतपणे टिपा. ती योग्य शब्द भरून वाचत असेल तर त्यात आजार काही नाही. साधं पुस्तक वाचतानाही शब्द गळून अर्थ बिघडत असेल, वाचन संथ आणि दमवणारं असेल, एकच शब्द दर वेळी वेगळ्या स्पेलिंगनं लिहीत असेल, तर मात्र अध्ययन-अक्षमतेची चाचणी करून घ्या. इतर विषयांत, घरच्या कामांतही लक्ष टिकत नसेल तर तो प्रश्न निराळा. फक्त या एका प्रश्नावरून लक्षाचा त्रास ठरवता येत नाही.

त्या मुलाच्या सहामाहीत आठांपैकी सहा ओळी बरोबर आल्या. चुकलेल्या दोन्हींत ‘मॅरीड विथ’, ‘डिस्कस्ड अबाउट’ असं होतं. मराठीत आपण कुणाशी लग्न करतो आणि कशाबद्दल चर्चा करतो, त्यामुळे ते त्याला बरोबरच वाटलं. अशा जोड्यांची यादी करायला मी त्याला त्याच्या इंग्रजीच्या बाईंकडे पाठवलं.