डिफॉल्ट ५ टक्के, मग एएमई १७ कसा?

प्रश्न: कर्ज बुडेल की नाही यासाठी लॉजिट मॉडेल केलंय. "आधी हप्ता उशिरा भरला" (हो/नाही) याचा कोएफिशंट ०.९ आणि अ‍ॅव्हरेज मार्जिनल इफेक्ट म्हणजे एएमई ०.१७४ आलाय. "उशीर झालेल्यांची डिफॉल्टची शक्यता १७.४% ने वाढते" असं रिपोर्टमध्ये लिहू का? डीटीआयचा, म्हणजे उत्पन्नातल्या हप्त्यांच्या वाट्याचा, एएमई तर ०.६२ आहे, तो कसा वाचायचा? खऱ्या डेटात डिफॉल्ट साधारण ५% आहेत, पण मी डेटा बॅलन्स करून निम्मे-निम्मे घेतलेत.

उत्तर:

नका लिहू. तुमच्या शेवटच्या वाक्यातच घोळ आहे. "१७.४% ने" ही शब्दरचना चुकीची आहेच, पण ती दुरुस्त केली तरी आकडा तुमच्या कर्जदारांचा होत नाही. तो तुम्ही बनवलेल्या निम्म्या-निम्म्या डेटाचा आहे.

हीच चूक मी स्वतः भर मीटिंगमध्ये केली आहे. स्लाइडवर असाच सतराच्या आसपासचा आकडा होता. क्रेडिट विभागाच्या प्रमुख बाईंनी तो वाचला आणि शांतपणे विचारलं, "आपल्याकडे शंभरात पाच जण बुडवतात. एका उशिराने त्यात सतरा कुठून वाढले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन कागदावर तीन कर्जदार मांडले, तेव्हा कळलं. तेच इथे मांडतो. हिशोबातून तुमचाच ०.१७४ निघावा म्हणून आकडे मुद्दाम जुळवून घेतलेत.

समजा कर्जदारांचे तीन गट आहेत. ७०% लोक सुरक्षित, त्यांची डिफॉल्टची शक्यता २%. २५% मधले, शक्यता ८%. उरलेले ५% धोक्याचे, शक्यता ३०%. सगळ्यांचा मिळून सरासरी दर ४.९%. या शक्यता हप्ता वेळेवर भरणाऱ्यांच्या आहेत, आणि उशीरवाले इतके थोडे आहेत की एकूण दरात त्यांना धरलेलं नाही.

आता ०.९ या कोएफिशंटचा अर्थ इतकाच, की उशीर झाला की ऑड्सना e^०.९ म्हणजे सुमारे २.४६ ने गुणायचं. ऑड्स म्हणजे बुडण्याची शक्यता भागिले न बुडण्याची. हा गुणाकार सगळ्यांना सारखाच लागतो, पण शक्यतेतली वाढ सारखी निघत नाही. सुरक्षित माणूस २% वरून ४.८% वर जातो, मधला ८% वरून १७.६% वर आणि धोक्याचा ३०% वरून ५१.३% वर. म्हणजे वाढ अनुक्रमे २.८, ९.६ आणि २१.३ पर्सेंटेज पॉइंट. या तीन वाढींची ७०-२५-५ अशी भारित सरासरी काढली की ५.४ येते. एएमई म्हणजे हीच सरासरी: प्रत्येक कर्जदाराला एकदा "उशीर नाही" आणि एकदा "उशीर आहे" धरायचं, दोन्ही शक्यतांतला फरक घ्यायचा आणि सगळ्या फरकांची सरासरी काढायची.

"% ने" का चुकतं तेही इथेच दिसतं. सरासरी शक्यता ४.९% वरून १०.३% वर गेली. ही ५.४ पर्सेंटेज पॉइंटची वाढ आहे, पण टक्क्यांनी मोजाल तर ती ११० टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. "५.४% ने वाढली" असं लिहिलंत तर वाचणारा ४.९ चे ५.१६ झाले असं समजेल. ऑड्स २.४६ पट झाले म्हणून "शक्यता २.४६ पट झाली" म्हणणंही बरोबर नाही. ती सरासरीने २.१ पट झाली आणि धोक्याच्या गटात तर जेमतेम १.७ पट.

आता बॅलन्स करण्याकडे येऊ. तुम्ही सगळी बुडीत कर्जं ठेवलीत आणि चांगल्यांपैकी साधारण एकोणीसात एक ठेवलंत. त्यामुळे प्रत्येक कर्जदाराचे ऑड्स १९ पट झाले. लॉजिटची गंमत अशी की मॉडेलची मांडणी बरोबर असेल आणि निवड यादृच्छिक असेल, तर या निवडीने कोएफिशंट सरकत नाही. तुमचा ०.९ शाबूत आहे. सगळा फुगवटा इंटरसेप्टमध्ये जातो, तो ln(१९) म्हणजे २.९४ ने वाढतो. कोएफिशंटच्या तक्त्याकडे बघून म्हणूनच काहीच संशय येत नाही.

एएमई मात्र शक्यतांवर उभा आहे आणि त्या सगळ्या वर सरकल्या आहेत. २% वाला सुरक्षित माणूस या डेटात २७.९% वर बसलाय, उशीर झाला की तो ४८.८% वर जातो, वाढ २०.९ पॉइंट. ८% वाला ६२.३% वरून ८०.३% वर, वाढ १८. आणि ३०% वाला आधीच ८९.१% वर आहे, तो ९५.२% वर जातो, वाढ ६.२. क्रम चक्क उलटा झाला. खऱ्या जगात उशिराचा सगळ्यात मोठा परिणाम धोक्याच्या गटावर होता, इथे तो सगळ्यात सुरक्षित गटावर दिसतोय. कोणी या मॉडेलवरून "सुरक्षित ग्राहकांवर उशिरानंतर जास्त लक्ष ठेवा" असा सल्ला दिला तर तो निव्वळ सॅम्पलिंगमधून आलेला असेल. शिवाय गटांची टक्केवारीही बदलली, ७०-२५-५ ची आता साधारण ५१-३२-१७ झाली. या नव्या वजनांनी सरासरी काढा: १७.४. तुमचा ०.१७४.

डीटीआयचा ०.६२ इतका मोठा दिसण्याची दोन कारणं आहेत. पहिलं सोपं आहे: डीटीआय तुम्ही ०.३५ असा गुणोत्तरात ठेवला असणार, त्यामुळे "एक युनिट" म्हणजे उत्पन्नातला हप्त्यांचा वाटा शून्यावरून थेट १००% होणं. असा कर्जदार नसतो. आकड्याला १० ने भागा, म्हणजे वाटा १० पॉइंटने वाढल्यावर काय होतं ते साधारण कळेल. दुसरं कारण पुन्हा बॅलन्सिंगच.

इथे एक झटपट तपासणी सांगतो, मला ती फार उपयोगी पडते. सलग व्हेरिएबलचा मार्जिनल इफेक्ट म्हणजे कोएफिशंट गुणिले p(१−p), इथे p म्हणजे डिफॉल्टची शक्यता. p(१−p) ची सरासरी ही सरासरी p वर काढलेल्या किमतीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. डिफॉल्ट दर ५% असेल तर कमाल ०.०५ × ०.९५ = ०.०४७५. तुमचा डीटीआयचा कोएफिशंट तुम्ही दिलेला नाही, समजा तो ३.२ आहे. मग एएमई ०.१५२ च्या वर जाणं अशक्य. ०.६२ दिसला की समजायचं, मॉडेल ५% च्या जगात नाही. आमच्या तीन गटांत तो ०.१३६ येतो, म्हणजे डीटीआय १० पॉइंटने जास्त असेल तर शक्यता सुमारे १.४ पॉइंटने जास्त. हो/नाही व्हेरिएबलला ही मर्यादा लागू नाही, कारण तिथे बारीकशी हालचाल नसून ० वरून १ ची पूर्ण उडी असते.

यावरून आठवलं. पायथनमध्ये statsmodels वापरत असाल तर `get_margeff()` स्वतःहून उडी काढत नाही. हो/नाही व्हेरिएबललाही ते सलग समजून उतारच देतं, जोवर तुम्ही `dummy=True` लिहीत नाही. आमच्या उदाहरणात उताराने ३.८ पॉइंट येतात आणि खरी उडी ५.४ ची आहे. दुर्मिळ घटना आणि मोठा कोएफिशंट असला की हा फरक असाच ठळक असतो.

दुरुस्ती काय? मूळ डेटा हाताशी असेल तर सगळ्यावर पुन्हा मॉडेल चालवा, विषय संपला. ५% डिफॉल्ट असले म्हणून लॉजिटला बॅलन्सिंगची गरज नसते. बुडीत कर्जांची संख्या अगदीच तुटपुंजी असेल तर अडचण येते, पण ती चांगली कर्जं फेकून सुटत नाही. मूळ डेटा नसेल, तर दोन गोष्टी कराव्या लागतात: इंटरसेप्टमधून ln(१९) वजा करायचा आणि सरासरी काढताना चांगल्या कर्जांना १९ चं वजन द्यायचं.

```python
b = res.params.copy()
b["const"] -= np.log(19)
w = np.where(df["default"] == 1, 1, 19)
X1, X0 = X.copy(), X.copy()
X1["late"], X0["late"] = 1, 0
p = lambda Z: 1 / (1 + np.exp(-(Z @ b)))
ame = np.average(p(X1) - p(X0), weights=w)
```

दोन्ही कराच. बहुतेक जण इंटरसेप्ट दुरुस्त करून थांबतात. आमच्या उदाहरणात तसं केलं तर ८.१ येतात, कारण शक्यता खऱ्या झाल्या तरी सरासरीत धोक्याचे लोक अजून १७% आहेत. १९ च्या जागी तुमचा नेमका आकडा टाका: मूळ डेटातली चांगली कर्जं भागिले तुम्ही ठेवलेली चांगली कर्जं. मग `np.average(p(X), weights=w)` काढून बघा, ते मूळ डिफॉल्ट दराशी जवळपास जुळलं पाहिजे. अजूनही ५०% च्या आसपास आलं तर काहीतरी राहिलंय.

रिपोर्टमध्ये वाक्य असं लिहा: "इतर नोंदी सारख्या असताना, आधी हप्ता उशिरा भरलेल्यांची १२ महिन्यांत डिफॉल्ट होण्याची शक्यता सरासरी ५.४ पर्सेंटेज पॉइंटने जास्त." आकडा आणि मुदत अर्थात तुमची. मुदत लिहिल्याशिवाय हा आकडा अर्धवट राहतो, कारण २४ महिन्यांत मूळ दरच वेगळा असेल आणि त्यासोबत एएमईही. वाक्यात मी "जास्त" लिहिलंय, "वाढते" नाही. उशीर झाला म्हणून कर्ज बुडालं, की नोकरी गेली म्हणून दोन्ही झालं, हे या मॉडेलला माहीत नाही. मॉडेलमध्ये व्याजदरही असेल तर त्याच्या ओळीत हा सापळा आणखी मोठा आहे: जोखीम बघूनच दर लावलेला असतो, त्यामुळे त्याच्या एएमईवरून "दर एक टक्का कमी केला तर डिफॉल्ट इतके घटतील" असं काढता येत नाही.

आणि एकट्या सरासरीखाली तिन्ही गटांचे आकडेही द्या, २.८, ९.६, २१.३ असे. ५.४ ने वाढलेला कर्जदार या तिघांत एकही नाही.